तोंडातली कंबर आणि वहीतली कंबर

कोपऱ्यावरच्या शिलाईच्या दुकानात गेल्या सव्वीस वर्षांत एकही बाई जाड झालेली नाही. बाकीच्या दुनियेत बायका बाळंतपणात सुटतात, पन्नाशीत सुटतात, नोकरीच्या खुर्चीत बसून सुटतात. आमच्या गल्लीत नाही. बँकेतल्या बाई कारकून म्हणून लागल्या तेव्हा त्यांची कंबर सत्तावीस होती. आता त्या मॅनेजर आहेत, लेक कॉलेजात आहे, केबिनमधली खुर्ची दोनदा बदलून ऐसपैस घ्यावी लागली, आणि कंबर अजून सत्तावीस. औषधाच्या दुकानवाल्या वहिनी अठ्ठावीस. शाळेच्या मोठ्या बाई, ज्या दारातून आत आल्या की दुकानात संध्याकाळ झाल्यासारखं वाटतं, त्यासुद्धा तीसच्या वर म्हणून गेल्या नाहीत.

ही सगळी करामत दुकानाच्या मालकिणीची. तिला गल्ली मापबाई म्हणते. मापबाईच्या गळ्यात टेप, कानामागे खडू आणि तोंडात दोन-तीन टाचण्या. टाचण्या तोंडात ठेवूनही ती अखंड बोलू शकते, ही तिची कला नंबर एक. नंबर दोन म्हणजे तिची माप घ्यायची रीत. टेप कमरेला लावायची, आकडा बघायचा, आणि मोठ्याने सांगायचा दुसराच. "सत्तावीस. काय बाई, वाऱ्यावर जगता की काय." वहीत मात्र खरा लिहायचा. कापड वहीप्रमाणे बेतायचं, गिऱ्हाईक तोंडाप्रमाणे खूश करायचं. ड्रेस अंगाला नेमका बसतो, आकडा मनाला बसतो, आणि बाई दुकानाच्या दोन पायऱ्या उतरताना चक्क मान ताठ करून उतरते.

शिकाऊ असताना मापबाईने एका मुलीला भर दुकानात आपला आकडा ऐकून रडताना पाहिलं होतं. तेव्हापासून तिने ठरवलं की आपल्या दुकानात आकड्याने कुणी रडायचं नाही. वही कापडी वेष्टणात, वेष्टण ड्रॉवरमध्ये, ड्रॉवरची किल्ली कमरेला. सख्ख्या बहिणीलाही त्या वहीचं पान दिसलेलं नाही. गल्लीतल्या बातम्या ती वाटते तशी कुणी वाटत नाही, पण वहीच्या बाबतीत तोंडाला शिवण.

खोटं फक्त कमी करायचंच असतं असंही नाही. बेकरीवाल्यांचा थोरला सोळाचा झाला तसा दर सोमवारी दंड मोजून घ्यायला यायचा. तो फोनवर कुणा दगडी छातीच्या बुवांचे व्हिडिओ बघायचा आणि कसलीशी पावडर दुधातून प्यायचा. त्याला मापबाई अर्धा इंच वाढवून सांगायची. पोरगं शर्टाची बाही दुमडून परत जायचं. कुणाचं काय बिघडलं.

बिघडलं ते घरातच, आणि कळलं ते उशिरा.

मापबाईच्या धाकट्या बहिणीची मुलगी, वय वर्षं चौदा. चालणं तिला माहीत नाही, पायऱ्या उतरायच्या असतात हेही माहीत नाही, म्हणून लहानपणापासून तिचं नाव ससुली. तिची आई नर्स, दुपारपाळीची. त्यामुळे शाळा सुटली की ससुली मावशीच्या दुकानात. तिथे ती काज-बटणं करायची, अभ्यास करायची, तोंड चालवायची, आणि दुकानाचं फोनवरचं पान सांभाळायची. ते पान तिनेच सुरू केलं. मावशीने पहिल्यांदा कोटाचा फोटो काढला तो इतक्या जवळून की कॉलर हत्तीच्या कानाएवढी आली. ससुलीने तिला चार पावलं मागे नेऊन उभं केलं होतं. "जवळून काढलं की पुढचं असेल ते फुगतं, मावशी. लांबून काढ."

आणि ससुली लांब उडी मारायची. मारायची म्हणजे अशी, की क्रीडाशिक्षिका टेप घेऊन वाळूच्या खड्ड्याशी वाकल्या की पोरी आपोआप गोळा व्हायच्या. शहराच्या शालेय स्पर्धेसाठी तिचं नाव गेलं होतं, स्पर्धेचा शनिवार पाच आठवड्यांवर होता, आणि तिची बनियन-चड्डी मापबाई स्वतः शिवणार होती.

मग वर्गाच्या फोनवरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. सरावात वर्गातल्या कुणीतरी काढलेला, बाजूने. उडी चांगली होती. पण कुणीतरी तो नेमका वाळूत पडतानाच्या क्षणी थांबवला. पाय पुढे, अंग कमरेत दुमडलेलं, पोटाला घडी, गाल फुगलेले, तोंड उघडं. त्या चित्राखाली पोत्याचं चित्र चिकटवलं आणि लिहिलं, 'धप्प'. हसणारे चेहरे आले अकरा. अकरा म्हणजे काही फार नव्हेत. पण हजार अनोळखी हसले तर तो बाजार असतो. हे अकरा रोज मागच्या-पुढच्या बाकावर बसणारे होते. ससुलीला अकराही नावं पाठ होती.

पहिल्या आठवड्यात ससुली जाकीट घालून यायला लागली. बाहेर ऊन असं की इस्त्री गरम करायची गरज नाही, आणि ही गळ्यापर्यंत चेन लावून. दुसऱ्या आठवड्यात डबा भरलेला परत जायला लागला. तिसऱ्या आठवड्यात क्रीडाशिक्षिका स्वतः दुकानात आल्या. पोरगी दोन आठवडे मैदानावर नाही, पोट दुखतं म्हणते, एकदा आली तर धावताना डोळ्यांपुढे अंधारी येऊन खाली बसली. पुढच्या शुक्रवारपर्यंत हो-नाही कळवा, नाहीतर दुसरीचं नाव द्यावं लागेल. मापबाईने तोंडातल्या टाचण्या काढून ठेवल्या. ती टाचण्या काढते तेव्हा प्रकरण गंभीर असतं, हे गल्लीला ठाऊक आहे.

बहिणीला सांगितलं तर नर्सबाईंनी रोग ओळखून औषधही लिहून दिलं: डबा मी समोर बसून संपवून घेते, आणि फोन काढून घे. मापबाईने डब्याचं मान्य केलं, फोनचं नाही. दुकानाचं पान त्याच फोनवर होतं हे एक कारण. दुसरं असं की मापबाईला कुठलीही शिवण उसवायच्या आधी ती कशी घातली आहे हे बघायची खोड. तिने भाचीसमोर स्टूल ओढलं आणि म्हटलं, मला शिकव बाई, हे यंत्र चालतं कसं.

ससुलीने आधी खांदे उडवले. मग शिकवायला लागल्यावर तिला राहवेना. चौदाव्या वर्षी मोठ्या माणसाला अडाणी ठरवण्याएवढं सुख दुसरं नसतं. फोनवर येणारी ही चित्रांची रांग सगळ्यांना एकच नसते, तिने सांगितलं. तू कशावर थांबतेस ते फोन मोजतो. लाइक करायलाच हवं असं नाही. नुसतं बोट थांबलं तरी पुरे.

मापबाईला हे पटकन समजलं, कारण मागच्या महिन्यात तिने एका परदेशी शिंपिणीचा कॉलरचा व्हिडिओ दोनदा पाहिला होता आणि तेव्हापासून तिच्या फोनवर कॉलरींचा पाऊस पडत होता. कापडवाला असाच असतो. तुम्ही ज्या ठाणाला हात लावलात त्याच रंगाची आणखी वीस ठाणं उलगडतो. "तुझा काय ग रंग?" तिने विचारलं.

ससुलीने फोन हातात दिला, आणि खिडकीकडे बघत बसली.

रंग एकच होता. 'धप्प'च्या दिवशी तिच्यासमोर एक व्हिडिओ योगायोगाने आला होता, चौदा दिवसांत सपाट पोटाचा. ती त्यावर शेवटपर्यंत थांबली. दोनदा. झालं. आता बोटाने वर सरकवावं तिथे पोट, पाय, गालांची हाडं. आधीची मी आणि नंतरची मी. दिवसभरात मी काय खाल्लं, ज्यात खाल्लं असं फारसं काहीच नव्हतं. मधूनच एखादी मैत्रीण आणि एखादी खरी उडी मारणारी, जिच्याकडून ससुली धाव घ्यायला शिकली होती. पण ती दहात एक.

मापबाई अंगठ्याने सरकवत गेली आणि थोड्याच वेळात खुदखुदायला लागली. ही मुलगी कंबर पिळून उभी आहे बघ, म्हणून पुढून बारीक. हिने श्वास ओढून धरलाय, गळ्याची शीर बघ. आणि हा ड्रेस हिला दोन मापं मोठा आहे, मागून चिमटे लावलेत. मागून चिमटे म्हणजे तर तिचाच धंदा. दुकानाच्या पुतळ्याला प्रत्येक फोटोत पाठीला सहा चिमटे असतात. या एका चित्रात तर कमरेमागची दाराची चौकट वाकलीय. कुणी कमरेबरोबर भिंतही आत ढकलली. सगळं खोटं आहे, ती म्हणाली, आणि आपण रोगच बरा केला अशा थाटात फोन परत दिला.

"मला माहितीये, मावशी," ससुली म्हणाली. "सगळ्यांनाच माहितीये. मी पण लावते की फिल्टर. माहीत असलं म्हणून वाईट वाटायचं थांबत नाही."

मापबाईने बटणांचा डबा भाचीपुढे सरकवला.

हळूहळू उरलेलं बाहेर आलं, बटणं लावता लावता, खाली मान घालून. मान वर असती तर आलं नसतं. एका फोटोसाठी साठ काढायचे, त्यातला एक ठेवायचा. फिल्टर नाक बारीक करतो, कातडी गुळगुळीत करतो, आणि मग आरशात गेलं की आरशातलीच मुलगी चुकीची वाटते. फोटो टाकला की पहिला तास फोन खाली ठेवता येत नाही. चाळीसच्या आत लाइक आले तर काढून टाकायचा, कारण कमी लाइकचा फोटो म्हणजे सगळ्यांसमोर लावलेला निकाल. मैत्रिणीला दीडशे आले तर तिच्या फोटोखाली तीन बदाम टाकायचे आणि घरी जाऊन जेवायचं नाही. वर्गात बसलं तरी आपण मागून कशा दिसत असू हेच डोक्यात. गणित फळ्यावर राहतं. आणि नाक मोठंच आहे, ती म्हणाली, फोटोत येतं ना.

"हात लांब करून काढतेस ना फोटो? एक हाताच्या अंतरावरून?" मापबाईने विचारलं. "मग माझी कॉलर का फुगली होती ग?"

ससुलीचा सुईचा हात थांबला. जी गोष्ट तिने मावशीला चार पावलं मागे नेऊन शिकवली होती, ती स्वतःच्या नाकाला लावायची तिला कधी सुचलीच नव्हती. ती हसली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. पण जाकिटाची चेन काही खाली आली नाही.

गुरुवार उजाडला. उद्या कळवायचं होतं. मापबाईने बनियन-चड्डीचं निळं कापड टेबलावर पसरलं, म्हणाली, जायचं की नाही ते तू ठरव, माप तर देऊन ठेव. ससुलीने जाकीट काढलं, पण असं जसं कुणी दात काढायला तोंड उघडतं. मापबाईने टेप लावली, आणि सव्वीस वर्षांची सवय जिभेवर आपली आपण चालून आली.

"पंचवीस. काय ग, काडी झालीस नुसती."

ससुलीने टेप मावशीच्या बोटांतून काढून घेतली, पुन्हा कमरेला लावली आणि अंगठ्याखालचा आकडा मावशीच्या डोळ्यांपुढे धरला. एकोणतीस.

"मी रोज मोजते," ती म्हणाली. "तुझ्याच टेपने. तू चहाला गेलीस की."

आणि ती बोलत सुटली. ते तीन आठवड्यांचं नव्हे, कित्येक वर्षांचं साठलेलं होतं. फोनमधल्या खोट्या असतील. त्यांनी पोट ओढलं असेल, चिमटे लावले असतील. पण या गल्लीतल्या बायका तर खऱ्या आहेत ना. मी पाचवीपासून इथे बसून ऐकतेय. बँकेतल्या बाई सत्तावीस. औषधवाल्या वहिनी अठ्ठावीस. मोठ्या बाईंच्या पोटावर रजिस्टर ठेवून सही करता येईल, आणि त्या तीस. "आणि मी चौदाची, रोज धावणारी, एकोणतीस. माझंच काहीतरी चुकलंय ना, मावशी?"

आता सांगा. जगभरातले चिमटे आणि वाकलेल्या चौकटी एका अंगठ्याने उघड्या पाडणारी ही बाई. आणि त्या सगळ्यांवर कडी करणारा फिल्टर गेली सव्वीस वर्षं तिच्याच तोंडाला बसवलेला. फोनच्या खोटेपणावर पोरीला निदान संशय होता. मावशीच्या आकड्यावर कधीच नव्हता.

मापबाई स्टुलावर बसली. कमरेची किल्ली दोनदा चाचपली. वही उघडणं म्हणजे दोनशे बायकांचा विश्वास टेबलावर उलटा करणं. उघडली नाही तर ही पोरगी जन्मभर या गल्लीतली सगळ्यात जाड बाई म्हणून जगणार. शेवटी तिने कात्री घेतली, अस्तराच्या कापडाची चार बोटं रुंद पट्टी फाडली, दुकानाचं दार लोटलं आणि वही उघडून नावांच्या रकान्यावर ती पट्टी घट्ट दाबून धरली.

"नावं विचारायची नाहीत. नुसते आकडे वाच. कमरेचा रकाना."

ससुली वाचायला लागली. तेहेतीस. अडतीस. एकतीस. छत्तीस खोडून पुढे सदतीस. एकेचाळीस. चौतीस. चव्वेचाळीस. "ही कोण?" "पट्टी बघ आणि पुढे हो." सत्तावीस एकच सापडलं, आणि त्या रकान्यापुढे मापबाईच्या अक्षरात लिहिलं होतं, 'आजारातून उठल्यावर'. मापबाईने मग खांदे दाखवले. डावा साडेचौदा, उजवा पंधरा. अख्ख्या वहीत दोन्ही खांदे सारखे असलेली बाई नाही. ज्या पुतळ्यावर दुकानाचे फोटो निघतात त्याच्या मापाचीही नाही. सव्वीस वर्षांत ते माप घेऊन कुणी दुकानात आलेलं नाही.

"मग तू सगळ्यांना खोटं का सांगतेस?"

"बरं वाटावं म्हणून."

"त्यांना वाटतं," ससुली म्हणाली. "आणि ऐकणाऱ्याला?"

मापबाईने पान उलटलं. शेवटच्या काही पानांवर पट्टीची गरज नव्हती, कारण तिथे एकच नाव होतं. वय पाच, पहिला शाळेचा झगा. वय नऊ. वय अकरा. तेराव्या वर्षापासून तर दर तीन महिन्यांनी माप, कारण पोरगी कपड्यांतून बाहेर येत होती. मांडीचा घेर अठरा, मग एकोणीस, मग साडेवीस. आणि प्रत्येक वेळी शेजारी, कापडाशी काडीचाही संबंध नसलेला एक आकडा. तीन मीटर पासष्ट. तीन मीटर नव्वद. चार मीटर वीस. मैदानावरून आल्याआल्या ससुली तो ओरडून सांगायची, मावशी हातातल्या खडूने नाहीतर पेनने जिथे जागा दिसेल तिथे लिहायची. दोघींनीही हे कधी शेजारी ठेवून वाचलं नव्हतं.

ससुलीने मांडीच्या रकान्यावर बोट ठेवलं, मग उडीच्या. दोन्ही रकाने जोडीने खालपर्यंत वाचले. मग म्हणाली, चड्डीची शिवण जरा रुंद सोड, अजून वाढेन.

म्हणजे लगेच सगळं छान झालं असं समजू नका. शुक्रवारी तिने हो कळवलं, जाकिटासकट सरावाला जायला लागली, आणि स्पर्धेच्या शनिवारपर्यंत त्याचा तीनदा पश्चात्ताप केला. फोन तिने टाकला नाही, पण त्याला वळण लावायला बसली. पोटाचा व्हिडिओ आला की 'हे नको' दाबायचं, त्या पानांना रामराम ठोकायचा, उडीवाल्यांवर मुद्दाम थांबायचं. 'धप्प' टाकणाऱ्या वर्गातल्या मुलीला तिने ते काढायला सांगितलं. त्या मुलीने काढलंही, आणि वर म्हणाली, मला वाटलं तुला मजा वाटेल. आठवड्याभरात फोन पुष्कळसा सुधारला. अधूनमधून एखादं सपाट पोट डोकावतंच. ती त्याच्यावर कधी थांबते, कधी थांबत नाही.

स्पर्धेच्या दिवशी जाकीट धावपट्टीच्या टोकापर्यंत अंगावर होतं. मापबाई कुंपणाशी उभी, तोंडात टाचण्या नाहीत, म्हणून काय करावं ते तोंडाला कळत नव्हतं. नाव पुकारलं. ससुलीने चेन खाली ओढली, जाकीट गवतावर टाकलं आणि पळत सुटली. पहिली उडी बाद, दुसरी साधारण, तिसरी चार मीटर एकेचाळीस. नंबर आला चौथा. पदक तिघींनाच असतं. तिची आजवरची सगळ्यात लांब उडी मात्र हीच.

परतताना तिने मावशीचा फोन मागितला. मापबाईने तिसरी उडी काढली होती, बाजूने, चार पावलं मागे राहून. ससुलीने ती नेमकी वाळूत पडतानाच्या क्षणी थांबवली. पाय पुढे, पोटाला घडी, गाल फुगलेले. मापबाईने फोन परत घ्यायला हात पुढे केला. पोरीने दोन बोटांनी चित्र मोठं केलं, खाली, अगदी खाली, वाळूशी.

"टाच बघ," ती म्हणाली. "डावी मागे पडलीय. दहा सेंटीमीटर तिथेच गेले."

सोमवारी बेकरीवाल्यांचा थोरला आला, दंड पुढे केला. मापबाईने टेप लावली आणि होता तो आकडा सांगितला. पोरगं दचकलं, पावडरीचा गुण गेला का म्हणून विचारायला लागलं. त्याला तिने खाली बसवलं आणि सांगितलं की पावडरीने कधीच काही झालं नव्हतं. अर्धा इंच माझा होता.

त्याच्यामागून बँकेतल्या बाई आल्या, नव्या कोटासाठी. हात वर केले, श्वास ओढून धरला. मापबाईने टेप फिरवली. काज करत बसलेल्या ससुलीची सुई थांबली. बाईंनी वाट बघितली. आकडा आलाच नाही. मापबाई वहीत लिहून मोकळी झाली.

"किती?" बाई म्हणाल्या. "सत्तावीसच ना?"

मापबाईने खडू कानामागे खोचला. "सोडा तो श्वास आधी," ती म्हणाली. "कोट बसेल. ते माझं काम."

बाईंनी श्वास सोडला. सव्वीस वर्षांचा असावा. पुतळ्याच्या अंगावरचा झगा हलला. मग त्या स्टुलावर मनसोक्त बसल्या, आणि गल्लीत नवं काय, म्हणून विचारायला लागल्या.